मदत हवी आहे: मुलीच्या पाळीचं अंतर जुळत नाही, डॉक्टरकडे न्यावं का?

निळीशाई:
मुलगी साडेबारा वर्षांची. घरात आम्ही दोघंच, तिची आई आता नाही, म्हणून इथे विचारतोय. पहिली पाळी ९ मार्चला आली. मग १२ एप्रिल. मग थेट २२ जून, तेव्हा आठ दिवस चालली. आणि ती थांबून पंधरा दिवस होतात न होतात तोच १५ जुलैला पुन्हा सुरू. आज २३, अजून थांबलेली नाही. जूनपर्यंत ‘येतच नाही’ म्हणून घाबरलो होतो, आता उलट. सुरुवातीला असं होतं का?

मेघ२१:
दादा, अजिबात काळजी करू नका. पहिली दोन वर्षं काहीही चालतं. माझ्या बहिणीला तर चार-चार महिने येत नसे, पुढे आपोआप सुरळीत झाली.

कावेरी_के:
मुलगी पंधराची झाली तरी पाळी आली नसेल तर दाखवायलाच हवं. वाट पाहू नका.

निळीशाई:
कावेरीताई, पाळी सुरू झालीये, प्रश्न अंतराचा आहे.

सुमा_परिचारिका:
मी किशोरवयीन मुलींच्या ओपीडीत बरीच वर्षं काम केलंय. आधी मोजणी. अंतर पाळी थांबल्यापासून नाही, सुरू झालेल्या दिवसापासून पुढच्या सुरू होणाऱ्या दिवसापर्यंत धरतात. म्हणजे तुमचे आकडे ३४, ७१ आणि २३ दिवस. पंधरा नव्हे. पहिल्या वर्षात असे आकडे मला घाबरवत नाहीत.

कारण असं. बीजकोश इस्ट्रोजेन तयार करू लागलेला असतो, त्याने गर्भाशयाचं अस्तर वाढतं. ते पुरेसं झालं की मेंदूकडून मोठा इशारा येऊन बीज सुटायला हवं. हा इशारा द्यायला शरीर सगळ्यात शेवटी शिकतं. बीज सुटलं नाही, तर त्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉनही मिळत नाही. अस्तराला आवर घालणारं तेच, आणि ते ओसरलं की अस्तर एकदम, ठरल्या वेळी सुटतं. ते नसेल तर अस्तर वाढतच राहतं आणि मग जमेल तेव्हा, तुकड्यातुकड्याने सुटतं. म्हणून आधी खूप उशीर आणि मग लांबलेली, जास्त जाणारी पाळी, अशी जोडी दिसते.

पण मेघ, ‘काहीही चालतं’ हे अंतराबद्दलसुद्धा अर्धंच खरं. एक वर्ष उलटल्यावर २१ ते ४५ दिवसांच्या बाहेर वरचेवर जाऊ लागलं, किंवा एकदाही ९० दिवस ओलांडले, तर दाखवावं. आणि रक्त किती जातंय याला तर पहिल्या महिन्यापासून सूट नाही.

दादा, तीन गोष्टी सांगा. पॅड किती वेळाने पूर्ण भिजतो? गाठी पडतात का? तिला चक्कर, धाप?

निळीशाई:
तिला विचारलं. लाजत होती, पण बोलली. कालपासून दीड तासात पॅड भिजतो. रात्री दोनदा उठते. मोठ्या गाठी पडल्या म्हणाली. आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हे मला आजच कळलं.

सुमा_परिचारिका:
मग आजच न्या, उद्यावर ढकलू नका. ७१ दिवसांसाठी नाही. आठवड्याच्या वर चाललेली पाळी, तासा-दोन तासांत भिजणारा पॅड आणि अंधारी, यासाठी. हिमोग्लोबिन बघतील. दात घासताना हिरड्यांतून रक्त, सारखा घोळणा फुटणं, किंवा तिच्या आईला किंवा आजीला बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का, हे आठवून सांगा. काही मुलींत रक्त गोठण्याचा जन्मजात दोष पहिल्यांदा पाळीतच दिसतो. तोवर ॲस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

रेवा_ज:
आमच्या लेकीला तेराव्या वर्षी सोनोग्राफीत पीसीओडी निघाला. तीही करून घ्या.

सुमा_परिचारिका:
रेवाताई, या वयात बीजकोशात बऱ्याच लहान पुटिका दिसणं स्वाभाविक असतं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत निव्वळ सोनोग्राफीवरून पीसीओडीचं निदान करू नये, असं आता मानतात. तुमच्या मुलीचं निदान कशावरून केलं ते पुन्हा विचारा.

निळीशाई:
आतून तपासतील का, एवढंच ती विचारतेय.

सुमा_परिचारिका:
तिला सांगा, सहसा लागत नाही. सोनोग्राफी लागली तरी लघवी रोखून पोटावरून होते. तारखा लिहिलेला कागद बरोबर घ्या. आणि डॉक्टरांना तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोलू द्या, बाहेर थांबायला सांगितलं तर थांबा.

निळीशाई (रात्री):
जाऊन आलो. हिमोग्लोबिन ८.४. रक्तस्राव कमी करायच्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्यात, परवा परत बोलावलंय. घोळणा फुटतो का विचारलं, तर फुटतो, लहानपणापासून. मी उन्हामुळे समजत होतो. गोठण्याच्या तपासण्या पाठवल्यात, अहवाल यायचाय. तिच्या आजोळी फोन करून आजीचं विचारतो. बाळंतपणाशिवाय आणखी काय विचारू?

सुमा_परिचारिका:
दात काढल्यावर किंवा एखाद्या शस्त्रक्रियेनंतर रक्त थांबायला वेळ लागला होता का, हे नक्की विचारा. मामांचंही. आणि रात्रीत पॅड तासाच्या आत भिजू लागला किंवा ती उभी राहू शकली नाही, तर परवाची वाट पाहू नका, लगेच न्या.