‘डीयूपी’ला मराठीत काय म्हणावं?

नीलिमा: जिल्हा रुग्णालयात सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या, पहिल्या झटक्यासाठी वेगळी सेवा सुरू होतेय. मी समाजसेवा अधीक्षक, ऑडिटचा फॉर्म मराठीत करतेय. डीयूपी म्हणजे ‘ड्युरेशन ऑफ अनट्रीटेड सायकोसिस’, त्यासाठी ‘अनुपचारित मनोविकार कालावधी’ चालेल का?

श्रीधर: ‘उपचारपूर्व काळ’ म्हणा, सुटसुटीत आहे. आजार सुरू झाल्यापासून डॉक्टरांकडे येईपर्यंत.

डॉ. मुग्धा: श्रीधरजी, शब्द चांगला, पण दोन्ही टोकं चुकली. मुलगा फेब्रुवारीत एकलकोंडा झाला, कॉलेज सोडलं. १० जूनच्या सुमारास त्याला आवाज ऐकू येऊ लागले. मोजणी जूनपासून, फेब्रुवारीची तारीख वेगळ्या रकान्यात. मग घरचे देवऋषीकडे गेले, फॅमिली डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्याने घड्याळ थांबत नाही. २० ऑक्टोबरला आमच्या ओपीडीत सायकोसिसचं औषध सुरू झालं, तिथे थांबतं. १३२ दिवस, म्हणजे जवळपास एकोणीस आठवडे.

नीलिमा: मॅडम, त्याने चार दिवसांत गोळ्या सोडल्या आणि १० नोव्हेंबरला पुन्हा सुरू केल्या तर?

डॉ. मुग्धा: तिथे एकमत नाही. काही जण पहिला पुरेसा डोस धरतात, काही सलग महिनाभर घेतलेलं औषध. दुसऱ्या हिशेबाने १५३ दिवस होतात. कुठलाही नियम घ्या, पण वर्षभर तोच ठेवा.

वंदना: माझ्या भावाची औषधं सहा वर्षं चालू आहेत. हा काळ संपतो कधी?

नीलिमा: वंदनाताई, हा औषधं सुरू होण्याआधीचा काळ. औषधं किती वर्षं घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

वंदना: अच्छा. मग तारीख विचारूच नका, आम्हाला आठवत नाही. आई म्हणायची, ‘वटपौर्णिमेला बरा होता, आषाढीला भिंतीशी बोलत होता.’

डॉ. मुग्धा: ताई, हेच हवं! फॉर्ममध्ये सणांचा रकाना घाला. नातेवाइकांशी नीलिमाताईंनी बोलायचं, सुरुवातीची तारीख डॉक्टरांनी ठरवायची, गोळ्या खरंच घेतल्या का ते केस मॅनेजरने नोंदवायचं. एकाच माणसाने सगळं भरलं तर ‘अंदाजे ६ महिने’ अशाच नोंदी येतात.

श्रीधर: आणि शेवटी सरासरी काढायची.

डॉ. मुग्धा: सरासरी फसवते. पाच रुग्णांचे ३, ६, ९, २२ आणि १६० आठवडे घ्या. सरासरी ४०, पण मधला रुग्ण ९ वर आहे. मध्यक द्या, आणि १६० वाल्याची फाइल वेगळी वाचा; तो कुठे अडकला ते त्यात सापडतं. नॉर्वेत स्टाव्हांगर भागात लोकांत जाहिराती आणि थेट फोन घेणारं पथक, दोन्ही होतं तेव्हा मध्यक ५ आठवडे होता. जाहिराती थांबल्यावर, पथक असूनही, १५ वर गेला. म्हणून रेफरलची तारीखही घ्या. इंग्लंडचं ‘दोन आठवड्यांत उपचार सुरू’ हे मानक रेफरलपासून मोजतं. त्याआधी घरात गेलेले महिने त्यात दिसत नाहीत.

नीलिमा: मग ‘औषधाविना गेलेला काळ’ लिहिते. देवऋषी आणि झोपेच्या गोळ्यांचा घोळ आपोआप टळेल.

श्रीधर: झोपेची गोळी औषध नाही का?

डॉ. मुग्धा: मुद्दा बरोबर आहे. ‘सायकोसिसच्या औषधाविना’ करा, लांब झालं तरी.

श्रीधर: मला अजून ‘उपचारपूर्व’च बरा वाटतो.