वर्षाच्या मध्ये कमी केलेल्या सीट आणि रिन्यूअल

> "तीन जण सोडून गेले, त्यांची खाती बंद केली. तरी रिन्यूअलच्या बिलात जुनाच आकडा का?"

सॉफ्टवेअरच्या वार्षिक करारात सीट म्हणजे एका माणसाला ते वापरण्यासाठी विकत घेतलेली जागा. खातं बंद केलं की सीट रिकामी होते, करारातून कमी होत नाही. हे दोन आकडे वेगळे असतात आणि बिल करारातल्या आकड्यावर निघतं.

समजा वर्षाच्या सुरुवातीला ४० सीट होत्या. पाच महिने संपल्यावर ६ वाढवल्या, तर सहसा उरलेल्या ७ महिन्यांचेच पैसे लागतात: ६ × ७/१२, म्हणजे साडेतीन सीटच्या वार्षिक दराइतके. नवव्या महिन्यात तिघे गेले. वार्षिक करारात याचा परतावा बहुतेक मिळत नाही, पण त्या जागी नवे लोक फुकट बसवता येतात. म्हणून आमंत्रण पाठवण्याआधी रिकाम्या सीट मोजाच. काही ठिकाणी सीट शिल्लक नसेल तर आमंत्रणासरशी आपोआप नवी विकत घेतली जाते.

आता रिन्यूअलला सिस्टीम ४६ धरणार. बिलिंगच्या पानावर 'पुढच्या मुदतीसाठी' ४३ हा आकडा तुम्हालाच टाकावा लागतो, किंवा विक्री प्रतिनिधीला लेखी कळवावं लागतं. करारातली नोटिशीची मुदत आधी पाहा. ती रिन्यूअलच्या कितीतरी आधी संपते, आणि एकदा हुकली की बहुधा आणखी वर्षभर ४६ च.