मदत हवी आहे: कारखान्याच्या मॅनेजरसाठी एक पान

मंडळी, वेर्ण्याच्या एका औषध कारखान्याच्या मॅनेजरना आमच्या स्टॉक सॉफ्टवेअरची माहिती एका पानात द्यायची आहे. खरेदी तेच ठरवतात, पण वाचायला त्यांना जेमतेम दोन मिनिटं मिळतात. म्हणून फीचर्सची यादी मी मुद्दाम टाळली आणि सुरुवात त्यांच्या गोदामापासून केली.

रजिस्टरमध्ये स्टार्च 500 किलो दिसतो, पण त्यातल्या 120 किलोची मुदत संपलेली असते, कारण नवा लॉट पुढे रचला जातो आणि तोच आधी उचलला जातो. किलोला 60 रुपये धरले तरी 7,200 रुपये पाण्यात जातात, आणि बॅच अडते ती वेगळीच. त्याखाली एकच वाक्य आहे: ज्या लॉटची मुदत आधी संपते, तोच सॉफ्टवेअर आधी काढायला सांगतं.

आता अडलंय ते इथे. स्टोअरवाल्याने माल देताना स्कॅन केलं नाही, तर सॉफ्टवेअरमधला आकडाही चुकणारच. ही मर्यादा पानावरच लिहावी, की भेटीत सांगावी? मला तरी लिहावीशी वाटते. आणि किंमत वर द्यावी की शेवटी? कारखान्यात खरेदी पाहणाऱ्यांनी कृपया सांगा, तुमची नजर आधी कुठे जाते?