मदत हवी आहे: नळाचं बिल दुप्पट आलंय, बरोबर हाय का कसं तपासायचं?

गोदाकाठची
एरवी नऊशेच्या आसपास येतंय, ह्या वेळी १८४४ आलं. पाणीपट्टी १३८०, मलनिस्सारण ३० टक्के म्हणजे ४१४, मीटर भाडं ५०. घरात माणसं तितकीच, नळ कुठं गळत नाही. काउंटरवर विचारलं तर म्हणले ७२ युनिट वापरलेत मग येणारच की. शुक्रवारी शेवटची तारीख आहे, कुणी लवकर सांगा.

शेतकरी_परभणी
पाणी आठवड्यानं येतं का? मग हवा आहे ती. नळ सुटला की आधी अर्धा तास नुसती हवा येती अन् मीटर गरागरा फिरतं. आमच्याकडं व्हॉल्व्ह बसवला तवा कमी झालं. तुम्ही पण बसवून घ्या.

बिलिंगवाल्या_ताई
हवेचं नंतर बघू. दोन्ही रीडिंग, दोन्ही तारखा आणि बिलामागं छापलेले दर टाका. ते दर दरमहा आहेत का तेही बघा.

गोदाकाठची
मागचं १४१२, चालू १४८४. दर १५ युनिटपर्यंत १२ रुपये, १५ ते २५ ला १८, त्यापुढं ३०. हो, "दरमहा" लिहिलंय. बिल दोन महिन्याला येतं.

बिलिंगवाल्या_ताई
तारखा राहिल्या, त्याच हव्यात.

गोदाकाठची
१२ मे ते १४ ऑगस्ट. रीडिंगवाला ह्या वेळी उशिरा आला होता. त्यानं काय फरक पडतो, युनिट तर तेवढेच ना?

बिलिंगवाल्या_ताई
तिथंच फरक पडलाय. हे ९४ दिवस झाले आणि बिल ६० दिवसांचं समजून काढलंय. मी पडताळून बघितलं: दोन महिन्यांचा पहिला स्लॅब ३० युनिट, १२ नं ३६०. पुढचे २०, १८ नं ३६०. उरलेले २२, ३० नं ६६०. बेरीज बरोबर १३८०, म्हणजे स्लॅब वाढवलेच नाहीत. पाणी तीन महिन्यांचं, स्वस्त दराची जागा मात्र दोनच महिन्यांची, म्हणून २२ युनिट ३० च्या दरात गेले.
दिवसांच्या प्रमाणात धरलं तर पहिला स्लॅब १५ गुणिले ९४ भागिले ३०, म्हणजे ४७ युनिट. त्याचे ५६४. उरलेले २५ दुसऱ्याच स्लॅबात बसतात, त्याचे ४५०. पाणीपट्टी १०१४. मलनिस्सारण पाणीपट्टीवरच टक्क्यानं असल्यानं तेही ३०४ रुपये २० पैशांवर येतं. एकूण ४७५ रुपये ८० पैसे जास्त लावलेत.

लातूरकर_७६
दिवस कशाला मोजायलेत, सरळ तीन महिने धरा. ४५ चे ५४०, २७ चे ४८६, झाले १०२६. ७२ ला तीननं भागलं की महिन्याला २४ येतंय, ३० चा दर लागायलाच नको.

बिलिंगवाल्या_ताई
३० चा दर लागायला नको हे तुमचं खरंच आहे. पण ९४ दिवस म्हणजे नेमके तीन महिने नाहीत, फरक १२ रुपयांचा आहे. तुमच्या नगरपरिषदेचा नियम महिन्यावर असेल तर ते १०२६ काढतील, त्यासाठी काउंटरवर भांडत बसू नका.

नांदेडचा_मामा
मलनिस्सारणावर हरकत घ्या आधी! आमच्या गल्लीत ड्रेनेजची लाईनच नाही, शोषखड्डा आहे, तरी दोन वर्षं आकार लावत होते. अर्ज देऊन काढून घेतला मी.

गोदाकाठची
मामा, आमच्याकडं लाईन आहे.

शेतकरी_परभणी
तरीपण हवेचं बघाच.

बिलिंगवाल्या_ताई
हवेनं मीटर फिरतं हे खरं आहे दादा. पण ह्यांचा वापर दिवसाला ७६६ लिटर पडतो. घरात किती जण?

गोदाकाठची
सहा.

बिलिंगवाल्या_ताई
मग माणशी १२८ लिटर. घरवापराला इतकं लागतंच, रीडिंग फुगलेलं वाटत नाही.

लातूरकर_७६
१२८ लिटर! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा आम्ही घागरी मोजून वापरायचो.

बिलिंगवाल्या_ताई
ताई, अर्जात एवढंच लिहा की कालावधी ९४ दिवसांचा असताना स्लॅब ६० दिवसांचे लावलेत, ते प्रमाणात लावून मलनिस्सारणासह बिल दुरुस्त करावं. मीटरचा फोटो आणि दोन्ही बिलांची झेरॉक्स जोडा, आवक नंबर घ्या. शुक्रवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर विलंब आकार लागू नये म्हणून भरून टाका, फक्त तक्रार कायम ठेवून भरतेय असं अर्जात लिहा. आणि मागच्या बिलावर १४१२ समोर काही शेरा आहे का बघा.

गोदाकाठची
आत्ता काढून बघितलं, "कुलूप, सरासरी" असं लिहिलंय. मेमध्ये आम्ही गावाकडं होतो.

बिलिंगवाल्या_ताई
मग १४१२ हे मीटरवर बघितलेलं रीडिंग नाही, अंदाजानं टाकलेलं आहे. अंदाज कमी पडला असेल तर आधीचे काही युनिट ह्या बिलात आलेत, जास्त असेल तर उलटं. हिशोब त्याच्याआधीच्या खऱ्या रीडिंगपासून १४ ऑगस्टपर्यंत सलग मांडावा लागेल, सरासरीच्या बिलाचे पैसे त्यातून वजा करून. म्हणजे माझे ४७५ सुद्धा बदलतील. मार्चचं बिल सापडतंय का?

गोदाकाठची
सासूबाईंच्या पेटीत असंल, त्या सगळी बिलं दोऱ्यात ओवून ठेवतात. संध्याकाळी काढून टाकते.