चर्चा: घोषणा शुक्रवारी, उसळी सोमवारी. मग बाजार कार्यक्षम कसा?

कोथरूडकर: पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीने शुक्रवारी बोनस शेअर जाहीर केले. घोषणेआधीच्या १३० ते ११ व्या दिवसापर्यंतचे १२० दिवस घेऊन निफ्टीशी रिग्रेशन केलं. अल्फा ०.०२ टक्के, बीटा १.१. शुक्रवारचा असाधारण परतावा, म्हणजे निफ्टीवरून अपेक्षित होता त्याहून जास्तीचा, फक्त ०.३३ टक्के, सोमवारचा ३.२३, मंगळवारचा उणे ०.१८. तिन्ही मिळून सीएआर, म्हणजे एकत्रित असाधारण परतावा, ३.३८. म्हणजे जाहीर बातमी भावात उतरायला बाजाराला एक दिवस जास्त लागला. जाहीर माहिती लगेच भावात उतरते, हे अर्ध-सबळ कार्यक्षमतेचं गृहीतक इथे कोसळलं, असं माझं मत. कोणाला खोडायचं असेल तर खोडा.

निफ्टीचा नातू: पूर्ण सहमत. सीएआर शून्य नाही, तिथेच विषय संपला.

शनिवारपेठी: संपला नाही. बातमी आल्यावर भाव हललाच नाही, तर उलट तो बाजार झोपलेला म्हणायचा. घोषणेच्या दिवशी मोठा असाधारण परतावा येणं या गृहीतकाच्या विरोधात जात नाही. भाव एकदा हलल्यावर पुढचे दिवस त्याच दिशेने सरकत राहिला, तरच प्रश्न उभा राहतो.

आता मूळ धागा. घोषणा किती वाजता झाली ते पाहिलंत का? एक्स्चेंजच्या साइटवर प्रत्येक घोषणेसमोर वेळ असते.

कोथरूडकर: पाहिली. शुक्रवार, संध्याकाळी ५.१०.

शनिवारपेठी: बाजार साडेतीनला बंद होतो. ते काही पेठेतलं दुकान नाही, शटर अर्धं उघडून ओळखीच्याला माल द्यायला. शुक्रवारच्या बंद भावाला ही बातमी ठाऊकच नव्हती. तुमचा शून्य दिवस, म्हणजे बातमी कळल्यावरचा बाजाराचा पहिला दिवस, सोमवार. तारखेचा रकाना बघून शून्य दिवस ठरवला की संध्याकाळची प्रत्येक घोषणा ‘उशिरा प्रतिसाद’ दिसते. शंभर कंपन्यांच्या नमुन्यात अशा तीस-चाळीस असल्या, तर सरासरीत +१ दिवशी छान टेकडी उभी राहते आणि लोक तिच्यावर प्रबंध लिहितात.

सोमवारी शेअर ४.३५ टक्के वर, निफ्टी १ टक्का वर असेल, तर तुमचा असाधारण परतावा, म्हणजे एआर, असा येतो:

```
AR = 4.35 − (0.02 + 1.1 × 1.00) = 3.23
```

आकडा बरोबर आहे, दिवसाचं नाव चुकलं. नवीन मोजणीत मंगळवार हा +१, आणि तिथे उणे ०.१८. सरकत राहण्याची खूण नाही. बातमी लगेच, त्याच दिवसात उतरली.

निफ्टीचा नातू: मग खिडकी मोठी घ्या. +१ ते +६० दिवसांचा सीएआर काढा, सरकणं असेल तर दिसेलच.

शनिवारपेठी: दिशा बरोबर, पण एका कंपनीवर नाही. कोथरूडकर, त्याच १२० दिवसांवर रिग्रेशनची प्रमाण त्रुटी, एक्सेलचं `STEYX`, किती येतं?

कोथरूडकर: १.५ टक्के.

शनिवारपेठी: सोमवारच्या ३.२३ ला १.५ ने भागलं की टी २.१५, दोनच्या पुढे, म्हणून दखल घेण्याजोगा. शुक्रवार ते मंगळवार एकत्र केले तर ३.३८ ला १.५ आणि तीनचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं, टी १.३. शेजारच्या दोन दिवसांच्या गोंगाटात प्रतिसाद बुडाला. साठ दिवसांना प्रमाण त्रुटी ११.६ टक्क्यांवर जाते. शेअर जवळपास २३ टक्के सरकल्याशिवाय काहीच सिद्ध होणार नाही. ४० कंपन्यांची सरासरी घेतली तर त्रुटी १.८ पर्यंत उतरते, पण घोषणा वेगवेगळ्या दिवशी असतील तरच. निकालांच्या हंगामात सगळ्या एकाच आठवड्यात येतात, आणि मग ४० कंपन्या ४० राहत नाहीत.

हडपसर_एक्सेल: माझ्याकडे १:१ बोनसच्या एका कंपनीत एका दिवशी एआर उणे ५० टक्के येतोय. बोनस वाईट बातमी असते का?

शनिवारपेठी: तो एक्स-बोनसचा दिवस. शेअर दुप्पट झाले, भाव निम्मा झाला, आणि तुम्ही समायोजित न केलेला बंद भाव वापरलात. बातमीचा दिवस त्याच्या कितीतरी आधी होता.

डेक्कनची_आकडेमोड: शनिवारपेठींचा शून्य दिवसही मला पटत नाही. बोनसचा प्रस्ताव संचालक मंडळाच्या अजेंड्यावर असेल, तर कंपनीला एक्स्चेंजला आधी कळवावं लागतं. खरी बातमी त्या दिवशीची. सोमवारी उरलं ते फक्त प्रमाण किती याचं आश्चर्य. शिवाय बंद भाव घेऊन ‘लगेच’ कसं म्हणता? ३.२३ मधला किती भाग सोमवारच्या पहिल्या सौद्यात आला आणि किती दुपारपर्यंत झिरपला, हे त्यातून कळत नाही.

शनिवारपेठी: अजेंड्याचा मुद्दा मान्य. त्या सूचनेच्या दिवसाला वेगळा शून्य धरून दुसरी खिडकी काढायला हवी. दुसऱ्या मुद्द्याबद्दल: दिवसाच्या आकड्यांनी दिवसापुरतंच बोलता येतं, एवढंच मी म्हणालो.

डेक्कनची_आकडेमोड: मग ‘लगेच उतरली’ हेही म्हणू नका. आणि साठ दिवसांत सरकणं दिसलंच, तर दोष बाजाराचा की बीटा १.१ चा? बोनसच्या आधी शेअर बरेचदा चढलेला असतो, १२० दिवसांचा अल्फा त्यातच फुगतो.

कोथरूडकर: सोमवारचा उघडता भाव आणि अजेंड्याच्या सूचनेची वेळ, दोन्ही काढतो. पण अल्फा शून्य धरून पुन्हा मोजायचं की नाही, यावर तुम्ही दोघं आधी एकमत करा.

शनिवारपेठी: दोन्ही मोजा. तीन दिवसांत अल्फाने ०.०६ चा फरक पडतो. साठ दिवसांत १.२ चा, तिथे भांडूया.