९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के नव्हे

“मुलीला सीईटीत ९२ पर्सेंटाइल, म्हणजे २०० पैकी १८४ ना? मग व्हीजेटीआय का नाही लागलं?”

नाही हो, तसा हिशेब होत नाही. समजा तिच्या सत्रात २०,००० मुलं बसली आणि १८,४०० जणांना तिच्याइतके किंवा कमी मार्क पडले, की झाले ९२ पर्सेंटाइल. मार्क ११० असतील, म्हणजे ५५ टक्केच! पण १,६०० मुलं तिच्या पुढे, आणि तीही एकाच सत्रातली.

कट-ऑफ आधी कोणी ठरवत नाही. त्या फेरीत, त्या शाखेत, त्या प्रवर्गातून शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचा पर्सेंटाइल म्हणजे कट-ऑफ. म्हणून कट-ऑफच्या यादीत आपल्याच प्रवर्गाचा रकाना बघा. पुढच्या फेऱ्यांत कट-ऑफ बऱ्याचदा उतरतो, पण ओपनमधून व्हीजेटीआय कॉम्प्युटरला ९२ वर आशा नको.