मदत हवी आहे: वय १३.८ अब्ज वर्षं, त्रिज्या ४६ अब्ज प्रकाशवर्षं. माझी बेरीज ३७.६ वरच का अडकते?

निरभ्र: प्रकाश वाटेत असताना त्याने आधी कापलेलं अंतरही मागे ताणलं जातं, म्हणून दृश्य विश्वाची त्रिज्या वयाच्या तिपटीहून मोठी, इथवर समजलं आहे. आता ते आकड्यांत बसवायचं आहे. स्प्रेडशीटमध्ये १३.८ अब्ज वर्षांचे दहा-दहा कोटींचे १३८ टप्पे केले. स्केल फॅक्टर आज १, आणि तो काळाच्या २/३ घाताच्या प्रमाणात वाढत आला असं धरलं. प्रत्येक टप्प्यात प्रकाश दहा कोटी प्रकाशवर्षं जातो. त्याला टप्प्याच्या मध्यावरच्या स्केल फॅक्टरने भागून बेरीज केली. येतात ३७.६ अब्ज. ४६ कुठे राहिले?

अनंत_अवकाश: सुरुवातीची महाप्रसरणाची अवस्था, म्हणजे इन्फ्लेशन, तुम्ही धरलीच नाही. अवकाश तेव्हा प्रकाशापेक्षा वेगाने पसरलं, म्हणून त्रिज्या मोठी झाली.

ध्रुवमत्स्य: अवकाश पसरण्यावर प्रकाशवेगाची मर्यादा नाही, हे बरोबर. पण ४६ हा आकडा इन्फ्लेशनमधून येत नाही. तो इन्फ्लेशन संपल्यानंतरच्या काळाचाच हिशेब आहे.

निरभ्र, तुमच्या पद्धतीत दोन वेगळ्या त्रुटी आहेत. पहिली बेरजेची. तुमच्याच गृहीतकाचं अचूक उत्तर वयाच्या बरोबर तिप्पट, म्हणजे ४१.४ येतं. तुमचे जवळपास ३.८ अब्ज मुख्यतः पहिल्याच ओळीत हरवले आहेत. त्या ओळीत तुम्हाला सुमारे ४.२ मिळाले असतील, खरे ८.० हवेत. सुरुवातीला स्केल फॅक्टर शून्याजवळ असतो आणि झपाट्याने बदलतो, त्यामुळे मध्यबिंदू त्या टप्प्याचा प्रतिनिधी ठरत नाही. टप्पे एक अब्जाचे करून पाहा, बेरीज आणखी घसरून ३३ च्या आसपास येईल. टप्प्याची रुंदी बदलली की उत्तर असं हलत असेल, तर चूक बेरजेत आहे.

यातच तुमच्या मूळ प्रश्नाचं मर्म आहे. या हिशेबात पहिल्या एका अब्ज वर्षांत कापलेलं अंतर आज ताणून १७ अब्ज प्रकाशवर्षं झालं आहे, आणि शेवटच्या एका अब्ज वर्षांतलं जेमतेम १ अब्ज. जितका जुना प्रवास, तितका जास्त ताण.

दुसरी त्रुटी गृहीतकाची. २/३ चा नियम फक्त पदार्थ असलेल्या विश्वाचा. आपल्या विश्वात कृष्ण ऊर्जेमुळे अलीकडे प्रसरणाचा वेग वाढत गेला. वय तेच ठेवलं, तर सुरुवातीच्या काळातला स्केल फॅक्टर तुमच्या अंदाजापेक्षा साधारण १४ टक्क्यांनी लहान निघतो, म्हणजे तेव्हापासूनचा ताण जास्त. काळाऐवजी स्केल फॅक्टरच्या वर्गमुळाचे टप्पे करा, म्हणजे सुरुवातीची अडचणही जाते:

```python
from math import sqrt
N = 10000
m, L, r = 0.315, 0.685, 0.000092
s = 0
for i in range(N):
    u = (i + 0.5) / N
    a = u * u
    s += 2*u / sqrt(r + m*a + L*a**4) / N
print(14.51 * s)
```

यात `m` पदार्थाचा वाटा, `L` कृष्ण ऊर्जेचा, `r` प्रारणाचा. १४.५१ म्हणजे प्रकाशवेग भागिले हबल स्थिरांक (६७.४ धरून), अब्ज प्रकाशवर्षांत. उत्तर ४६.१ च्या आसपास आलं पाहिजे. `r` गाळलात तर ते जवळजवळ एका अब्जाने फुगेल.

शाळेची_फळा: माझाही असाच घोळ आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर GN-z11 दीर्घिकेचं अंतर एका बातमीत १३.४ अब्ज प्रकाशवर्षं, दुसरीत ३२ अब्ज. बातमी कोणती चुकली?

ध्रुवमत्स्य: दोन्ही आकडे ठीक आहेत, पण गोष्टी वेगळ्या. १३.४ अब्ज वर्षं हा प्रकाशाच्या प्रवासाचा काळ; त्याला अंतर म्हणू नका. ३२ अब्ज प्रकाशवर्षं हे आजचं अंतर. रेडशिफ्ट १०.६ आहे, म्हणून ३२ ला ११.६ ने भागा: प्रकाश निघाला तेव्हा ती फक्त २.८ अब्ज प्रकाशवर्षांवर होती. तक्त्यावर तिन्ही लिहा, प्रत्येकापुढे ‘कधीचं’ ते लिहून.

अनंत_अवकाश: पण २.८ अब्जांवरून निघालेल्या प्रकाशाला १३.४ अब्ज वर्षं लागलीच कशी? अंतर तर कमी आहे.

ध्रुवमत्स्य: तेव्हा मधलं अवकाश इतक्या वेगाने वाढत होतं, की आपल्याकडे निघालेला तो प्रकाश आधी आपल्यापासून दूरच नेला जात होता. प्रसरण मंदावल्यावर त्याला अंतर कापायला जमलं.

निरभ्र: ४६.१ आलं! `r` शून्य केल्यावर ४७.०. मग हबल स्थिरांक ७३ धरून १४.५१ च्या जागी १३.४ घातले, तर ४२.६ येतात. यातलं खरं कोणतं?

ध्रुवमत्स्य: एकच आकडा असा बदलू नका, त्यात विश्वाचं वयही १२.७ अब्जांवर येतं. पार्श्वप्रारणाची मापनं पदार्थाची प्रत्यक्ष घनता बांधून ठेवतात, म्हणून हबल स्थिरांक वाढवला की `m` कमी करावा लागतो आणि त्रिज्या एवढी घटत नाही. ६७ आणि ७३ यांतलं कोणतं, यावर अजून एकमत नाही. तुमच्या कामाला ‘सुमारे ४६’ लिहा, दशांश लिहू नका.

निरभ्र: `m` किती कमी करायचा, ते करून बघतो आणि आकडे इथेच टाकतो.